फरशीचं काम निघाल्यामुळे वर्ग बंद

वर्गातले लोक त्यांना समोर बाई म्हणत आणि पाठीमागे ताठबाई. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. ताठपणा त्यांनी कमावलेला होता. तरुणपणी एका कचेरीत टंकलेखनिक म्हणून बसून बसून त्यांची पाठ अशी वाकली होती, की त्यांच्या आईला वाटायचं, या पोरीला आता कुबडच येणार. त्याच इमारतीत एक वयस्कर बाई दुपारच्या सुट्टीत आसनं शिकवायच्या. डबा लवकर संपवून ही पोरगी तिकडे जायला लागली, ती आयुष्यभराची तिकडचीच झाली. लग्न झालं, मुलगी झाली, नोकरी सुटली, पण पाठ पुन्हा वाकली नाही.

त्यांनी स्वतःचा वर्ग काढला तो घरातल्या बाहेरच्या खोलीत, सोफा भिंतीला लावून आणि शेजारच्या दोघींना हाताला धरून आणून. जागा पुरेनाशी झाली तेव्हा वाचनालयाच्या माडीवरचा हॉल घेतला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते आठ. हॉल साधाच होता. एका भिंतीला खिडक्या, दुसरी भिंत कोरी, कोपऱ्यात घडीच्या खुर्च्यांची चळत, आणि खिडकीजवळ एक फरशी अशी हलायची, की तिच्यावर पाय पडला की टक्‌ असा आवाज यायचा. त्या आवाजावरून बाईंना पाठ फिरवूनही कळायचं, की कोण उशिरा आलंय.

शिकवायच्या उत्तम, यात वादच नाही. पण जिभेला धार होती. एका पायावर उभं राहायचं असलं आणि कुणी हळूच भिंतीकडे हात नेला, की त्या म्हणायच्या, "हात टेकायचा नाही. भिंत पडायला आली असेल तर सांगा, आपण गवंडी बोलावू." सगळे हसायचे आणि तो हात मुकाट्याने खाली यायचा. एकदा कुणी तरी गुडघ्यासाठी गोळी घेतो म्हणाला, तर बाई म्हणाल्या, "गोळी म्हणजे आळशी माणसाचा व्यायाम." त्या बोलून विसरून गेल्या. ऐकणारे विसरले नाहीत, पण ते पुढे येईल.

आणि त्यांचा एक पक्का हट्ट होता, वर्ग बंद ठेवायचा नाही. सर्दी झाली तर रुमाल घेऊन शिकवायचं, घरी पाहुणे असले तर पाहुण्यांना चहा देऊन निघायचं. त्यांचं म्हणणं असं, की सवय ही दुधासारखी असते, जरा नजर हटली की गेली उतू. एकदा का लोकांना सकाळी सातला गादीत लोळायची गोडी लागली, की मग कुठला वर्ग आणि कुठल्या बाई. हे झालं बाहेर सांगायचं कारण. आतलं कारण असं, की मुलगी लग्न करून लांब गेल्यापासून आणि नवरा निवृत्त होऊन पेपरात तोंड खुपसून बसायला लागल्यापासून, ते तीन तासच त्यांच्या आठवड्याचे खांब होते. ते काढले तर वरचं सगळं कशावर उभं राहणार, हे त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

त्या रविवारी दुपारी त्या जरा आडव्या झाल्या होत्या. कुशीवर वळून उठायला गेल्या आणि खोलीच गरकन फिरली. पंखा भिंतीवर आला, कपाट छताकडे निघालं. बाईंनी पलंगाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्यांतही सगळं फिरतच होतं. ओकारी आली. त्यांनी नवऱ्याला हाक मारली आणि तो धावत आला, कारण बायकोने अशा आवाजात हाक मारल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"काय झालं?"

"मला उभं राहता येत नाही हो," बाई म्हणाल्या, आणि हे वाक्य स्वतःच्याच कानांनी ऐकून त्यांना रडू आलं.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात त्या नवऱ्याच्या खांद्याला लटकत गेल्या. डॉक्टरीण तरुण होती. तिने त्यांना टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवून झटकन मागे आडवं केलं आणि डोळ्यांत पाहत राहिली. खोली पुन्हा फिरली. मग तिने हळूहळू मान दुसरीकडे वळवली, कुशीवर घेतलं, शेवटी उठवून बसवलं. "आतल्या कानात बारीक खडे असतात, तोल कळण्यासाठी," ती म्हणाली. "ते जागचे हलले की असं गरगरतं. घाबरण्यासारखं काही नाही. खडे परत जागेवर ढकललेत. पण आठवडाभर खाली वाकायचं नाही, मान मागे टाकायची नाही, एकटीने जिने चढायचे नाहीत. शनिवारी परत या, बघू." मग कागदावर लिहिता लिहिता तिने सहज विचारलं, "व्यायाम करता का काही?"

"थोडाफार," बाई म्हणाल्या. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

घरी आल्यावर उशीला टेकून त्यांनी फोन मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी सातला माणसं येणार, आणि काही जण तर पावणेसातलाच जिन्यात येऊन बसणारे. निरोप आत्ताच गेला पाहिजे हे त्यांना कळत होतं. पण लिहायचं काय? तोल शिकवणारीचाच तोल गेला? गोळीला हसणारी आता गोळ्या गिळत पडलीय? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं लोक म्हणतील. तोंडावर नाही म्हणणार. तोंडावर काळजी घ्या म्हणतील आणि मग एकेक करून यायचे बंद होतील, कारण जिला स्वतःला उभं राहता येत नाही तिच्याकडे एका पायावर उभं राहायला कोण शिकणार? 

मग त्यांना ती हलणारी फरशी आठवली.

"ऐका," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि वाचून दाखवलं: "हॉलच्या फरशीचे काम निघाल्यामुळे उद्यापासून आठवडाभर वर्ग बंद राहील. बुडालेले वर्ग नंतर भरून काढले जातील. कळावे."

नवऱ्याचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. समोर मजकूर आला की त्याची पेन्सिल आपोआप हलायची. "नंतर म्हणजे कधी?" त्याने विचारलं.

"नंतर म्हणजे नंतर."

"वर्ग रद्द झाल्याची सूचना आहे ना ही? मग त्यात कुठला वार रद्द, बदली वर्ग कधी, किती वाजता, ज्याला ते जमणार नाही त्याने काय करायचं, एवढं तरी हवं. आणि फरशीचं काम निघालंय हे कुणी सांगितलं?"

"तुमचा छापखाना बंद झालाय," बाई म्हणाल्या आणि पाठवून दिलं. मग वाचनालयाच्या किल्ल्या सांभाळणारे काका होते, त्यांना फोन करून दारावरही तोच मजकूर चिकटवायला सांगितला, कारण वर्गाच्या फोनवरच्या गटात नसलेली एक-दोन म्हातारी माणसं होती. किल्लीवाले काका फोनवर घोटाळले. "फरशीचं काम? मला कुणी बोललं नाही." बाई म्हणाल्या, "लावा हो तुम्ही. मी बघते." काकांनी लावलं. बाईंचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

खोट्याच्या कपाळी गोटा, असं जुने लोक म्हणतात. इथे गोटा पडायला रात्र काय ती मध्ये गेली.

सोमवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला. किल्लीवाले काका दबक्या आवाजात बोलत होते. "बाई, तुमचा मिस्त्री आलाय."

"कुठला मिस्त्री?"

"तुमच्या वर्गातला, फरशीवाला. थापी, करवत, सिमेंटची अर्धी गोणी, सगळं घेऊन आलाय. म्हणतो, बाईंच्या हॉलचं काम आणि मी असताना दुसरा कोण करणार, त्याला पाठवून द्या परत. आता परत कुणाला पाठवू मी? इथे तर कुणीच नाही. आणि पोस्टातल्या काकू झाडू घेऊन आल्यात, धूळ उडेल म्हणून. कुठली फरशी काढायची, विचारतात."

बाईंनी डोळे मिटले. मिस्त्री म्हणजे वर्गातला शेवटच्या रांगेतला रुंद खांद्यांचा माणूस. आयुष्यभर लोकांच्या घरांत फरश्या बसवलेला, कधी दोन शब्दांच्या वर न बोलणारा. पोस्टातल्या काकू म्हणजे खिडकीवर तिकिटं विकून निवृत्त झालेल्या, सगळ्यांना सगळं विचारणाऱ्या. आपलं खोटं ऐकून ही माणसं गादीत लोळत राहिली नव्हती. हत्यारं घेऊन आली होती.

"आणखी एक," काका म्हणाले. आता त्यांचा आवाज जरा रडवेला झाला होता. "दारावरची नोटीस काल जाता जाता संध्याकाळच्या नाचाच्या वर्गवालीने वाचली. तिनेही आपल्या मुलींच्या आयांना कळवलं, वर्ग नाही म्हणून. आता त्या आया वाचनालयाच्या समितीला विचारतायत, काम कधी संपणार. आणि समितीवाले मला विचारतायत, कसलं काम. मी काय सांगू?"

बाईंना आपली चूक दिसली. लाज होती ती आपली एकटीची, आणि ती झाकायला आपण एका गरीब माणसाच्या डोक्यावर हॉलची नसती भानगड ठेवली. "तुम्ही काही सांगू नका," त्या म्हणाल्या. "समितीला मीच फोन करते. नाचाच्या बाईंनाही करते. आणि काका, माझं चुकलं. फरशीचं काही काम नाही. मला चक्कर येते, मला उभं राहता येत नाही. मी लाजेने खोटं लिहिलं."

"अरेरे," काका म्हणाले. "मग पडून राहा ना तुम्ही. मिस्त्रीला मी सांगतो काय ते."

"काय सांगणार?"

"सांगतो काही तरी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बाईंनी समितीच्या सचिवांना फोन केला, नाचाच्या बाईंना केला. दोन्हीकडे खरं काय ते सांगून टाकलं. नाचाच्या बाई हसल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "अहो, मी मागच्या वर्षी पाय मुरगळला तेव्हा गावाला जातेय म्हणून कळवलं होतं." हे ऐकून बाईंना का कोण जाणे, खूप बरं वाटलं. मग त्यांनी सचिवांकडून रविवारी सकाळचा हॉल मागून घेतला. नाचाचा वर्ग रविवारी मात्र सकाळी नऊला असे, त्याआधी हॉल रिकामाच पडून असायचा. सचिव म्हणाले, घ्या.

"आता सांगा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "काय काय हवं सूचनेत?"

नवऱ्याने पेपर घडी करून ठेवला आणि चष्मा वर केला. बायको आपलं काही ऐकतेय या आनंदाने त्याचा चेहरा एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. दोघांनी मिळून लिहिलं. बाई सांगायच्या आणि तो खोडायचा.

"कालची सूचना खोटी होती, त्याबद्दल क्षमा करा. हॉलचे काहीही काम निघालेले नाही. मला चक्कर येण्याचा त्रास झाला आहे आणि डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती सांगितली आहे. त्यामुळे या आठवड्यातले सोमवार, बुधवार आणि शुक्रवारचे वर्ग रद्द. त्यांच्या बदल्यात येत्या रविवारपासून ओळीने तीन रविवार, सकाळी सात ते आठ, त्याच हॉलमध्ये वर्ग होतील. नेहमीचे वर्ग पुढच्या सोमवारपासून. ज्यांना रविवार जमणार नाही त्यांनी कळवावे, त्यांचे बुडालेले वर्ग पुढच्या महिन्यात धरले जातील, वेगळे पैसे नाहीत. रविवारी मी येऊ शकेन की नाही ते शनिवारी संध्याकाळी नक्की कळवीन. ही सूचना वाचल्यावर कृपया वाचली असे लिहावे आणि जे गटात नाहीत त्यांना शेजारच्यांनी सांगावे."

"क्षमा करा हे पहिल्या ओळीतच हवं का?" बाईंनी विचारलं.

"तुला कुठे हवंय?"

बाईंनी विचार केला. "पहिल्याच," त्या म्हणाल्या आणि पाठवून दिलं.

आणि मग सुरू झाली खरी परीक्षा. 'वाचली', 'वाचली', 'वाचली' असं एकामागून एक येऊ लागलं, आणि बास. पोस्टातल्या काकू, ज्या एरवी पाऊस आला तरी गटात पाच ओळी लिहायच्या, त्यांनीही नुसतं 'वाचली' लिहिलं. मिस्त्रीने तर अंगठा पाठवला. कुणी खोडसाळपणा केला असता, कुणी रागावलं असतं, तरी बाईंना चाललं असतं. या गपगार 'वाचली'चा अर्थ काय लावायचा? बाईंनी जो लावायचा तोच लावला. मंगळवारी त्या म्हणाल्या, "संपलं." बुधवारी काही बोलल्याच नाहीत. गुरुवारी सकाळी सात वाजता उठून पलंगावर ताठ बसल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

नवऱ्याने चहाचा कप हातात दिला. "कानातला खडा हलला होता ना," तो म्हणाला, "आता कानाला खडा लाव. खोटी नोटीस पुन्हा नाही."

बाई हसल्या. तो त्या आठवड्यातला त्यांचा पहिला हसू होता असं तो नंतर मुलीला फोनवर म्हणाला, आणि हसू पुल्लिंगी की नपुंसकलिंगी यावरून बापलेकीचं वाजलं. त्या माणसाने आठवडाभर कपडे वाळत घातले, भाजी आणली, बायको रात्री कुशीवर वळली की दचकून जागा झाला. इतकी वर्षं हा माणूस आपल्या घरात नुसता पेपर वाचत बसला नव्हता, हे बाईंच्या त्या आठवड्यात ध्यानात आलं. हात टेकायची सवय नसली की कुठे टेकू आहे हेही दिसत नाही.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मान वळवून पाहिली. खोली जागच्या जागी राहिली. "उद्या शिकवायला गेलात तरी चालेल," ती म्हणाली. बाईंनी या वेळी सगळं खरं सांगितलं होतं. "पण खुर्चीवर बसून शिकवा. करून दाखवायचं नाही, वाकायचं नाही. आणि एकटीने एका पायावर अजिबात उभं राहायचं नाही." संध्याकाळी बाईंनी गटात कळवलं, उद्याचा वर्ग होईल. पुन्हा तेच: 'वाचली.'

रविवारी सकाळी नवऱ्याच्या दंडाला धरून त्या जिना चढल्या. मनाशी ठरवलं होतं, दोघं जण आले तरी शिकवायचं, आणि कुणीच नाही आलं तर किल्लीवाल्या काकांना भेटून, माफी मागून यायचं. वर पोहोचल्या तर दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला. वाचनालयाच्या सभेला नसतो एवढा. बाई उंबऱ्यात थांबल्या. झाडून सगळे आले होते. वर्गातली नर्ससुद्धा रात्रपाळी संपवून तशीच आली होती, डोळे तारवटलेले.

खिडकीजवळून जाताना बाईंचा पाय सवयीने त्या फरशीवर पडला. टक्‌ झालं नाही.

त्यांनी खाली पाहिलं. फरशी नव्याने पक्की बसवलेली होती, भोवती सांध्यात ताजं पांढरं सिमेंट. मग मान सावकाश, डॉक्टरीणबाईंच्या हुकमाप्रमाणे, वळवून त्यांनी समोर पाहिलं. कोऱ्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत, कमरेच्या उंचीवर, एक लाकडी दांडा बसवलेला होता. गोल, रंधा मारून गुळगुळीत केलेला, लोखंडी कोनांवर घट्ट.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने दाराकडे पाहिलं, पण दारात किल्लीवाले काका उभे होते, पळायला जागा नव्हती. "नोटीस लागली होती ना दारावर," तो म्हणाला. "फरशीचं काम म्हणून. तर म्हटलं, काम होऊन जाऊ दे. बाईंची नोटीस खोटी कशाला ठेवायची?"

"समितीला मी विचारलं होतं," काका लगेच म्हणाले. "सोमवारीच. मिस्त्री म्हणाला, आलोच आहे तर बाईंना धरायला भिंतीला दांडाही लावतो. समितीवाले म्हणाले, फुकटात होत असेल तर एक सोडून दोन लावा."

"आणि आम्ही गटात बोलायचं नाही असं ठरवलं होतं," पोस्टातल्या काकू म्हणाल्या. "नुसतं वाचली लिहायचं. मला किती त्रास झाला म्हणून सांगू, बाई. पोटात दुखायला लागलं."

बाईंना खुर्ची दिली गेली. त्या बसल्या. लोकांनी आपापल्या चटया पसरल्या, बसले, पाठी ताठ केल्या, आणि सवयीने पहिल्या सूचनेची वाट बघू लागले. सगळं पाठ होतं, पण बाईंनी ते बाजूला ठेवलं.

"मी तुमच्याशी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "लाज वाटली म्हणून. तुम्ही हसाल असं वाटलं. तुम्ही हत्यारं घेऊन आलात. तुमचे उपकार मी कुठे ठेवू तेच मला कळत नाही." त्या जरा थांबल्या. "आता तुम्ही मला एक सांगा. या वर्गात कुणाला काय दुखतं? खरं सांगा. आज मीच खुर्चीत बसलेय, त्यामुळे मी काही बोलू शकत नाही."

वर्गात इतकी वर्षं असं कुणी विचारलं नव्हतं आणि उत्तर कुठून सुरू करायचं ते कुणाला माहीत नव्हतं. मग शेवटच्या रांगेतून मिस्त्रीचा आवाज आला.

"माझा उजवा खांदा वर जात नाही, बाई. दोन वर्षं झाली."

"काय बोलता? रोज हात वर करता तुम्ही. मी बघते की."

"तुमची पाठ फिरली की खाली घेतो."

हसण्याचा एक फुगा फुटला आणि त्याबरोबर सगळ्यांची तोंडं सुटली. एकाचा गुडघा निघाला, एकीची टाच निघाली. आणि मग पोस्टातल्या काकू, ज्या कधी हळू बोलत नसत, हळू आवाजात म्हणाल्या, "मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. चार वर्षं. तुम्ही गोळीला हसला होतात ना, म्हणून नाही सांगितलं. डोकं खाली, पाय वर घेतो ना आपण भिंतीला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे येतात. मग मी मनात देवाचं नाव घेते आणि तशीच राहते."

चार वर्षं ही बाई आपल्या एका विनोदापायी डोळ्यांपुढे काजवे घेऊन भिंतीला पाय लावून राहिली होती. उद्या काही झालं असतं तर? देवाने आपला कान फिरवला तो आपल्याच भल्यासाठी, असं त्यांना वाटून गेलं, आणि देवाधर्माचं त्यांना फारसं नसतानाही त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

"ते आसन तुम्ही करायचं नाही," त्या म्हणाल्या. "काजवे आले तर तिथेच थांबायचं, आणि मला सांगायचं. उद्याच डॉक्टरांना विचारून या, काय चालेल, काय नाही. गोळी वेळेवर घ्या. आणि माझं ते वाक्य," त्या थांबल्या, "ते वाक्य मी परत घेते. सगळ्यांसमोर."

"मग आम्ही गोळ्या घेऊ ना?" नर्सने विचारलं. तिने जन्मभर दुसऱ्यांना गोळ्या दिल्या होत्या.

"घ्या," बाई म्हणाल्या. "मीपण घेतेय."

त्या दिवशीचा वर्ग सगळा निराळा झाला. चळतीतून खुर्च्या उतरल्या. गुडघेवाल्यांनी खुर्चीवर बसून पाय लांब केले, मिस्त्रीने हात जेवढा जातो तेवढाच वर नेला, आणि बाईंनी खुर्चीतून उठून कुणाला काही करून दाखवलं नाही, नुसतं तोंडाने सांगितलं. त्यांना नवल वाटलं की सांगितलेलं लोकांना समजतं. नवरा दाराशी स्टुलावर बसला होता. पेपर आणला होता, पण तो मांडीवर तसाच राहिला.

शेवटी नेहमीचं एका पायावर उभं राहायचं आसन आलं. बाई म्हणाल्या, "आज हे तुम्ही करा, मी बघते." सगळे उठले आणि चटयांवर जागच्या जागी उभे राहिले. दांड्याकडे कुणी गेलं नाही. पोस्टातल्या काकू डुलत होत्या, नर्स झोपेने डुलत होती, मिस्त्रीचा चेहरा लाल झाला होता. पण हात कुणाचाच भिंतीकडे जाईना. शिकवण पक्की झाली होती, आणि ती कुणी पक्की केली होती ते बाईंना चांगलं माहीत होतं.

बाई नवऱ्याकडे वळल्या. "जरा हात द्या," त्या म्हणाल्या. तो लगबगीने आला. त्याच्या आधाराने त्या भिंतीपर्यंत गेल्या आणि सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. एक हात नवऱ्याच्या हातात होता, दुसरा त्यांनी दांड्यावर ठेवला. लाकूड गुळगुळीत होतं, कुठे कुसळ लागत नव्हतं. मिस्त्रीने खांदा दुखत असताना ते किती वेळ घासलं असेल, हे त्यांच्या तळहाताला कळलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग त्यांनी एक पाय जमिनीवरून उचलला, फार नाही, वीतभर. दोन्हीकडचा आधार घट्ट धरून.

"या सगळे इकडे," ताठबाई म्हणाल्या. "हात टेका."